फुल्यांच्या आड काय उरतं? पावत्यांवरच्या अर्धवट झाकलेल्या नंबरांचं गणित

आज एखादी पावती हातात घ्या. किराणा दुकानाची असो, मेडिकलची असो, नाहीतर कार्डाने पैसे दिल्यावर मशीनमधून निघणारी छोटी चिठ्ठी असो, तिच्यावर कुठे ना कुठे फुल्या दिसतील. मोबाइल नंबरातले मधले आकडे फुल्यांनी झाकलेले असतात. कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. ॲपमध्ये बँक खात्यापुढे 'XX' आणि मग काही आकडे येतात. या झाकण्याला मास्किंग म्हणतात.

फुल्या दिसल्या की आपल्याला वाटतं, चला, नंबर सुरक्षित आहे. एका पावतीपुरतं ते बऱ्याच वेळा खरंही असतं. पण आपल्या हातून रोज एकच पावती जात नाही. वसई रोड स्टेशनबाहेर भाजी घेतली, नालासोपाऱ्यात औषधं घेतली, विरारला घरी पोचल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर मेंटेनन्स भरल्याचा स्क्रीनशॉट टाकला. एका दिवसात तीन-चार ठिकाणी आपला तोच नंबर उमटतो, आणि प्रत्येक ठिकाणी तो वेगळ्या तऱ्हेने झाकलेला असतो. खरा प्रश्न तिथेच आहे. एका पावतीवर किती फुल्या आहेत याला फारसा अर्थ नाही. सगळ्या पावत्या एकत्र ठेवल्या तर कोणता आकडा कुठेच दिसत नाही, हे पाहायचं असतं.

आजच्या पाठात आपण हेच मोजून बघणार आहोत. त्यासाठी आठवी-नववीचं गणित पुरेसं आहे.

तीन चिठ्ठ्या, एक नंबर

उदाहरणासाठी एक नंबर घेऊ. तो मुद्दाम ० ने सुरू होणारा घेतला आहे. भारतात दहा आकडी मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, त्यामुळे हा नंबर कोणाचाच असू शकत नाही. बाकी सगळं खऱ्यासारखंच आहे.

समजा, वसईतल्या एका ताईंच्या पिशवीत तीन गोष्टी आहेत. पहिली, किराणा दुकानाचं बिल. दुसरी, मेडिकलचं बिल. तिसरी, एका ॲपच्या स्क्रीनचा कागदावर काढलेला प्रिंट. तिन्हींवर त्यांचा मोबाइल नंबर असा छापला आहे:

```
किराणा  : 04738*****
मेडिकल  : ******9162
ॲप      : 04******62
```

आता एकेक चिठ्ठी सुटी बघा. किराणा बिलावर पाच आकडे झाकलेले आहेत. प्रत्येक झाकलेल्या जागी ० ते ९ यांपैकी कोणताही आकडा असू शकतो, म्हणजे १० × १० × १० × १० × १० = १,००,००० शक्यता. मेडिकलच्या बिलावर सहा आकडे झाकले आहेत, म्हणजे १० लाख शक्यता. ॲपनेही सहा झाकले आहेत, तिथेही १० लाख. एक लाख किंवा दहा लाख नंबर कोणी हाताने तपासत बसणार नाही. म्हणून प्रत्येक दुकानदार आपापल्या जागी बरोबर आहे. त्याने नंबर झाकला आहे.

आता तिन्ही ओळी एकाखाली एक ठेवा आणि प्रत्येक जागेवर विचारा, 'हा आकडा कुठे तरी उघडा आहे का?' पहिल्या पाच जागा किराणा बिलाने उघड केल्या. शेवटच्या चार मेडिकलने. राहिली फक्त सहावी जागा:

```
एकत्र   : 04738*9162
```

एक फुली, म्हणजे फक्त दहा शक्यता. लाखांवरून आपण दहावर आलो, आणि कोणीही काही 'हॅक' केलं नाही. एखाद्या पेमेंट ॲपमध्ये नंबर टाकला की समोरच्याचं नाव दिसतं, ही सोय आपण रोज वापरतो. नाव माहीत असलेल्या माणसाला दहा नंबरांतून एक वेगळा काढायला किती वेळ लागेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

शक्यतांची संख्या गुणाकाराने वाढते आणि भागाकाराने घटते, हे इथे लक्षात घ्या. एक जादा आकडा कळला की शक्यता एकाने कमी होत नाही, थेट दहापट कमी होते. चार जादा आकडे कळले की दहा हजारपट. म्हणून 'अजून दोनच आकडे तर दिसतायत' हे म्हणणं फसवं आहे.

सगळ्यात कमी सांगणारी चिठ्ठी

आता एक गंमत बघा. ॲपच्या स्क्रीनवर पहिले दोन आणि शेवटचे दोन आकडे दिसत होते. हे चारही आकडे बाकीच्या दोन बिलांवर आधीच उघडे होते. म्हणजे ॲपने नवीन एकही आकडा दिला नाही. मग ती चिठ्ठी बाजूला टाकली तर चालेल का?

नाही, कारण तिचं काम वेगळंच आहे. किराणा बिलावर पहिले पाच आकडे आहेत आणि मेडिकलवर शेवटचे चार. या दोन बिलांवर एकही सामाईक आकडा नाही. त्यामुळे हे दोन्ही तुकडे एकाच नंबरचे आहेत, असं नुसतं बघून म्हणता येत नाही. एक बिल ताईंच्या नंबरवर असेल, दुसरं त्यांच्या मिस्टरांच्या. ॲपची चिठ्ठी मात्र दोन्हींना शिवते. तिचे पहिले ०४ किराणा बिलाशी जुळतात, शेवटचे ६२ मेडिकलशी. कपड्याचे दोन तुकडे जोडणाऱ्या शिवणीसारखी ती मधे येते.

म्हणून नंबर झाकणाऱ्याने दोन प्रश्न विचारायला हवेत. माझ्या पावतीवरून नवीन काय कळतं, हा पहिला. माझ्या पावतीमुळे दुसऱ्या कोणत्या दोन गोष्टी जोडल्या जातात, हा दुसरा. दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

आणि शिवण फक्त आकड्यांचीच असते असं नाही. बिलावरचं नाव, तारीख आणि वेळ, रक्कम, फ्लॅट नंबर, यांपैकी काहीही दोन कागदांना बांधून ठेवू शकतं. संध्याकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी ४८६ रुपयांचं बिल झालं आणि त्याच मिनिटाला तेवढ्याच रकमेची कार्डाची चिठ्ठी निघाली, तर दोन्ही एकाच माणसाचे आहेत हे सांगायला नंबर लागत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तर नाव, विंग, फ्लॅट आणि रक्कम सगळं एकाच ठिकाणी येतं.

जोडणी चुकते कधी, आणि ते कसं ओळखायचं?

अशी जोडणी दर वेळी बरोबर येते असं समजू नका. समजा, मेडिकलच्या बिलावर शेवटचे चार आकडे ७०४८ असते:

```
किराणा  : 04738*****
मेडिकल  : ******7048
ॲप      : 04******62
```

आता शेवटच्या दोन जागा तपासा. मेडिकल म्हणतं ४८, ॲप म्हणतं ६२. एकाच जागी दोन वेगळे आकडे येऊ शकत नाहीत. म्हणजे मेडिकलचं बिल दुसऱ्या नंबरचं आहे, कदाचित घरातल्याच दुसऱ्या माणसाचं. सामाईक जागेवरचे आकडे जुळले नाहीत तर जोडणी नक्की चुकीची.

पण जुळले म्हणून जोडणी नक्की बरोबर, असं मात्र नाही. दोन अनोळखी नंबरांचे शेवटचे दोन आकडे योगायोगाने सारखे येण्याची शक्यता साधारण शंभरात एक असते. वसई-विरारसारख्या दाट वस्तीत एका मेडिकलमध्ये दिवसाला काही शे गिऱ्हाइकं येत असतील, तर शेवटचे दोन आकडे सारखे असलेले दोन-तीन जण सहज सापडतील. चार आकडे जुळले तर योगायोग दहा हजारात एक. त्यात नाव आणि वेळही जुळली, तर योगायोगाला जवळजवळ जागाच राहत नाही. जुळणारे आकडे जितके जास्त, तितका भरवसा जास्त.

कार्डाचा नंबर: इथे एक फुली आयती सुटते

मोबाइल नंबरातला कुठलाही आकडा दुसऱ्या आकड्यांवरून काढता येत नाही. कार्डाचं तसं नाही. डेबिट-क्रेडिट कार्डाचा नंबर साधारणपणे १६ आकडी असतो आणि त्याच्या आत एक नियम लपलेला असतो. पहिले सहा आकडे (आता बऱ्याच ठिकाणी आठ) कार्ड कोणत्या बँकेचं आणि कोणत्या प्रकारचं आहे ते सांगतात. त्या बँकेच्या त्या प्रकारच्या सगळ्या कार्डांवर ते सारखेच असतात, त्यामुळे ते गुपित नसतात. शेवटचा आकडा हा तपासणी अंक असतो. आधीच्या पंधरा आकड्यांवरून ठरलेल्या रीतीने तो काढलेला असतो. ही रीत आयबीएम कंपनीतल्या हान्स पीटर लून यांनी शोधली, तिच्या पेटंटचा अर्ज १९५४ सालचा आहे. नंबर टाइप करताना एखादा आकडा चुकला तर यंत्राला लगेच कळावं, एवढाच तिचा हेतू. गुपित राखणं हा तिचा हेतू कधीच नव्हता.

रीत सोपी आहे. १६ आकडी नंबरात डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांवरचे आकडे दुप्पट करायचे. दुप्पट ९ पेक्षा जास्त झाली तर त्यातून ९ वजा करायचे. सम जागांवरचे आकडे आहेत तसे ठेवायचे. सगळ्यांची बेरीज करायची. नंबर बरोबर असेल तर बेरजेला १० ने पूर्ण भाग जातो.

सॉफ्टवेअर तपासण्यासाठी जगभर वापरला जाणारा एक चाचणी नंबर आहे. तो कोणाच्याही खात्याला जोडलेला नाही. त्यातला एक आकडा झाकू:

```
4012 8888 8*88 1881
```

विषम जागांवरचे आकडे: ४, १, ८, ८, ८, ८, १, ८. दुप्पट करून, गरज तिथे ९ वजा करून: ८, २, ७, ७, ७, ७, २, ७. बेरीज ४७.

सम जागांवरचे आकडे: ०, २, ८, ८, फुली, ८, ८, १. फुली सोडून बेरीज ३५.

एकूण ४७ + ३५ = ८२. पुढची दहाची पट ९०, म्हणजे फुलीच्या जागी ८ च हवा. दुसरा कोणताही आकडा चालणार नाही. एक आकडा झाकला आणि तो झाकलाच गेला नाही!

आता पावतीवर खरोखर काय छापतात ते बघू. कार्ड उद्योगाच्या सुरक्षा नियमांनुसार, ज्यांना पूर्ण नंबर बघायची गरज नाही त्यांच्यासमोर जास्तीत जास्त बँकेचे सुरुवातीचे आकडे आणि शेवटचे चार दाखवता येतात. सुरुवातीचे सहा दिसत असतील तर:

```
4012 88** **** 1881
```

सहा फुल्या, म्हणजे दहा लाख शक्यता. पण तपासणी अंकाचा नियम दहातल्या नऊ शक्यता बाद करतो, म्हणून खऱ्या शक्यता एक लाख. सुरुवातीचे आठ दिसत असतील तर चार फुल्या, दहा हजार, आणि नियमाने गाळल्यावर फक्त एक हजार. फुल्या मोजून जेवढं संरक्षण वाटतं, त्याच्या दहावा भागच उरतो. हजार हा आकडा माणसाला मोठा वाटेल, यंत्राला नाही. अर्थात कार्ड वापरायला नुसता नंबर पुरत नाही. मुदत संपण्याची तारीख, मागचे तीन आकडे आणि आपल्याकडे ओटीपीही लागतो. ते पुढचे दरवाजे आहेत म्हणूनच या अंकगणिताने लगेच खातं रिकामं होत नाही.

आधारच्या नंबरातही असाच शेवटचा तपासणी अंक असतो, फक्त त्याची रीत वेगळी आणि जरा किचकट आहे. अधिकृत 'मास्क्ड आधार'मध्ये बारापैकी पहिले आठ आकडे झाकतात आणि शेवटचे चार ठेवतात. आधार नंबर ० किंवा १ ने सुरू होत नाही, म्हणून पहिल्या जागी आठच पर्याय. त्यामुळे शक्यता झाल्या ८ कोटी, आणि तपासणी अंकामुळे ८० लाख. हे पुरेसं मोठं आहे. पण झेरॉक्सवर पेनाने आपण स्वतः झाकतो तेव्हा घोळ होतो. एका अर्जाबरोबर दिलेल्या झेरॉक्सवर पहिले आठ खोडले, दुसऱ्या अर्जाच्या झेरॉक्सवर शेवटचे चार. दोन्ही कागद एका फाइलमध्ये आले की बाराच्या बारा आकडे समोर! आणि कोणी फक्त शेवटचाच आकडा खोडला, तर काहीच झाकलं नाही, कारण तो बाकीच्या अकरांवरून काढता येतो.

जो तो आपल्या रीतीने झाकतो, तेव्हा

हे फक्त वहीतलं गणित नाही. मार्टिन व्हिगो या सुरक्षा संशोधकाने २०१९ मध्ये नेमकी हीच गोष्ट दाखवून दिली. पासवर्ड विसरल्यावर अनेक संकेतस्थळं 'या नंबरवर कोड पाठवू का?' असं विचारतात आणि नंबर अर्धवट झाकून दाखवतात. त्याला आढळलं की कोणी पहिले तीन आणि शेवटचे दोन आकडे दाखवतं, तर कोणी पहिला एक आणि शेवटचे चार. दोन्ही एकत्र केले तर अमेरिकेतल्या दहा आकडी नंबरातले सात आकडे उघडे. उरले तीन, म्हणजे हजार शक्यता. त्यातही तिथल्या नंबरांच्या रचनेचे नियम लावले की त्या आणखी घटतात.

कोणत्याच कंपनीने एकटीने फार काही उघड केलं नव्हतं. पण प्रत्येकीने आपल्यापुरता विचार केला आणि दुसरी काय दाखवते हे बघितलं नाही. आपल्या ताईंच्या पिशवीत झालं ते हेच.

यावर उपाय काय? सगळ्यांनी एकच रीत ठरवायची. प्रत्येकाने तेच शेवटचे चार दाखवले, तर शंभर पावत्या गोळा केल्या तरी त्या चारच्या पुढे एक आकडाही मिळत नाही. आपल्याकडे कार्डांच्या बाबतीत बरंचसं हेच घडलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी टोकन नावाचा पर्यायी नंबर वापरतात. व्यवहार ओळखण्यापुरते शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवायची मुभा आहे. म्हणून तुमच्या बहुतेक ॲप्समध्ये कार्डापुढे तेच चार आकडे दिसतात. मोबाइल नंबरासाठी मात्र अशी सगळीकडे पाळली जाणारी एक रीत दिसत नाही. कोणी पुढचे झाकतं, कोणी मधले, कोणी मागचे.

तेच चार आकडे 'ओळख' बनले तर?

एकाच रीतीने झाकण्याची दुसरी बाजूही आहे. सगळीकडे शेवटचे चार दिसू लागले की ते चार आकडे गुपित राहत नाहीत. ते तुमच्या नावासारखे होतात, कोणालाही माहीत असू शकतात. म्हणून त्यांच्यावरून 'हा खरा मालक आहे' असं कोणी ठरवायचं नसतं.

ऑगस्ट २०१२ मध्ये मॅट होनन या अमेरिकन पत्रकाराला हा धडा महागात पडला. हल्लेखोरांनी आधी त्याच्या ॲमेझॉन खात्यात शिरकाव केला. तिथे त्याच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे झाकलेले नव्हते, कारण ते निरुपद्रवी मानले जात होते. ॲपलच्या ग्राहक सेवेत मात्र तेव्हा पत्ता आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगितले की ओळख पटली असं समजत. हल्लेखोरांनी फोन करून तेच सांगितलं, खातं ताब्यात घेतलं, आणि त्याचा फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप दुरूनच पुसून टाकले. लहान मुलीचे फोटोही त्यात गेले. पुढे दोन्ही कंपन्यांनी आपली पद्धत बदलली. एकीकडे जे आकडे उघडे ठेवायला हरकत नव्हती, तेच दुसरीकडे किल्ली म्हणून चालत होते. गोंधळ त्यातून झाला.

आपल्याकडे हीच गोष्ट फोनवर घडते. समोरचा म्हणतो, 'मॅडम, बँकेतून बोलतोय, तुमच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे १८८१, काल तुम्ही ४८६ रुपयांची खरेदी केली, बरोबर ना?' दोन्ही गोष्टी बरोबर असतात आणि आपल्याला वाटतं, हा बँकेचाच माणूस. पण आपण आत्ताच बघितलं, या दोन्ही गोष्टी टाकून दिलेल्या एका चिठ्ठीवर असतात. आणि फोन करायला लागणारा नंबर? तो दोन-तीन बिलांत मिळून असतो. त्याला न मिळालेली एकच गोष्ट असते, तुमचा ओटीपी किंवा पिन, आणि तोच तो पुढच्या वाक्यात मागतो.

म्हणून नियम लक्षात ठेवा: समोरच्याला माझ्याबद्दल काय माहीत आहे, यावरून तो कोण आहे हे सिद्ध होत नाही. फोन ठेवायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करायची.

घरात आणि दुकानात एवढं करता येतं

सगळ्यात चांगली फुली म्हणजे नंबर न देणं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना स्पष्ट सूचना केली आहे की, बिल करण्यासाठी ग्राहकाचा मोबाइल नंबर मागण्याचा आग्रह धरू नये. 'नंबर द्यायचा नाही, बिल द्या' असं म्हणायला संकोच वाटायचं कारण नाही.

पेमेंटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकण्याआधी पूर्ण बघा. वर मोबाइल नंबर फुल्यांनी झाकलेला असतो आणि खाली यूपीआय आयडीमध्ये तोच नंबर '@' च्या आधी पूर्ण लिहिलेला असतो. अशा वेळी वरच्या फुल्या निव्वळ शोभेच्या! सोसायटीच्या खजिनदाराला बहुतेक वेळा तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांक एवढंच लागतं. तेवढंच कापून पाठवा, आणि ग्रुपऐवजी त्यांनाच पाठवा. झाकायचंच असेल तर हायलाइटरने नको, पूर्ण काळ्या चौकोनाने झाका. हायलाइटर अर्धपारदर्शक असतो, फोटोचा उजेड वाढवला की खालचे आकडे वर येतात.

आधारची झेरॉक्स देताना घरातल्या सगळ्यांनी एकच रीत ठेवा: पहिले आठ झाकायचे, शेवटचे चार ठेवायचे. पावत्या टाकताना वेगवेगळ्या फाडा, आणि सगळे तुकडे एकाच पिशवीत एकाच दिवशी टाकू नका.

दुकान चालवणाऱ्या पालकांसाठी एक विनंती. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये नंबर कसा छापायचा याची सेटिंग असेल, तर शेवटचे चार सोडून बाकी सगळे झाका. जवळची दुकानंही तेच करत असतील, तर गिऱ्हाइकाच्या पिशवीतल्या दहा बिलांमधून चारच आकडे मिळतील.

सराव

१. `047****162` आणि `****8591**` ही एकाच नंबरची दोन रूपं आहेत असं समजा. एकत्र केल्यावर किती फुल्या उरतात? किती शक्यता?

२. वरच्या दोन रूपांत सामाईक उघडी जागा आहे का? असेल तर ती कोणती, आणि तिथले आकडे जुळतात का?

३. `4012 8888 888* 1881` यात बारावा आकडा झाकला आहे. लूनच्या रीतीने तो काढा.

४. घरातल्या कोणत्याही पाच पावत्या घ्या. नंबर वहीत लिहायचा नाही, फक्त दहा चौकोन काढा आणि ज्या जागेचा आकडा एखाद्या तरी पावतीवर उघडा आहे तिथे टिंब द्या. किती चौकोन रिकामे राहिले?

*उत्तरं:* (१) पहिल्या रूपात १, २, ३, ८, ९, १० या जागा उघड्या, दुसऱ्यात ५, ६, ७, ८. फक्त चौथी जागा झाकलेली राहते, म्हणजे एक फुली, दहा शक्यता. (२) आठवी जागा सामाईक आहे. दोन्हीकडे १ आहे, म्हणजे जुळतात. पण एकाच आकड्याच्या जुळण्यावर फार भरवसा ठेवू नका, योगायोगाची शक्यता दहात एक आहे. (३) बारावी जागा सम आहे, म्हणून दुप्पट करायची नाही. बाकीची बेरीज ८२, आकडा ८. (४) याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं येईल. रिकामे चौकोन चारपेक्षा कमी असतील, तर कोणतं दुकान काय छापतं ते एकदा घरच्यांबरोबर बसून बघा.